डिस्कसच्या मागचं अबाउट

मोठ्या डॉक्टरांना चुकीच्या इंग्रजीची इतकी ॲलर्जी, की एखादा शब्द जास्त पडला तर अंगावर गांध्याच उठायच्या म्हणे! वॉर्डातल्या सिस्टरला ते ठाऊक होतं. पण चार नंबरच्या आजोबांचं बीपी झरझर उतरत होतं आणि डॉक्टर फोन उचलत नव्हते. तिनं घाईघाईत ग्रुपवर इंग्रजीत टाकलं, "अर्जंट. बेड फोर, बीपी फॉलिंग. प्लीज कम, नीड टू डिस्कस अबाउट हिम."

डॉक्टरांचं उत्तर लगेच आलं. "सिस्टर, डिस्कसमध्येच 'बद्दल' आलं. अबाउट कशाला चिकटवता? परवा एम्फसाइजला ऑन जोडलंत!"

खाली हसऱ्या चेहऱ्यांची रांग लागली. एक ज्युनिअर म्हणाला, "आता सिस्टरची शिकवणी लावा, सर!" बेडचं कुणी विचारलंच नाही. तिनं पुन्हा लिहिलं, पुन्हा फोन लावला, शेवटी जिने उतरत धावली. डॉक्टरांना घेऊन वर येईस्तोवर आजोबा गेले होते.

आजोबांचा मुलगा दारातच उभा होता. "ताई, तुम्ही कळवलं होतंत ना? मग डॉक्टर का नाही आले?"

तिनं डॉक्टरांकडे पाहिलं.

"माझं इंग्रजी दुरुस्त करत होते."