नॉर्मनची पन्नाशी

एकोणपन्नासवर खेळणाऱ्या नॉर्मनने षटकाच्या शेवटच्या चेंडूवर एक धाव पळून काढली आणि ऐटीत बॅट उंचावली. गावाने टाळ्या पिटल्या. पण अंपायरने गुडघ्यावर हात मारून लेगबायची, म्हणजे चेंडू बॅटला नव्हे तर पायाला लागल्याची, खूण केली. सीमेबाहेर स्कोअरबुक लिहीत बसलेल्या त्याच्या बायकोने, ब्रेंडाने, हात हलवून पोच दिली. गोलंदाजाच्या चौकटीत लेगबायचा उलटा त्रिकोण काढला आणि धाव अवांतरात टाकली. नॉर्मन एकोणपन्नासवरच!

पुढच्याच चेंडूवर त्याची दांडी गुल झाली. ब्रेंडाने शांतपणे डब्ल्यू लिहिला.

नॉर्मन तणतणत आला. "बायको आहेस की वैरीण? चेंडू बॅटला लागला होता!"

ब्रेंडाने त्याच्या पांढऱ्या पॅडवरच्या ताज्या लाल डागावर पेन्सिल टेकवली. "मग हा काय चहा सांडला? आणि आज तो तूच पुसायचास!"