राखाडी तळ्यावरचा हंस

मित्रांनो, मी एक जुना पडदा आहे. नाटकातला नव्हे; त्या पडद्यांना उघडझाप करायची सवय असते. मी फोटो स्टुडिओतला, भिंतीला टांगलेला, स्थिर वृत्तीचा पडदा. माझ्यावर एक तळं आहे, तळ्याकाठी दगडी कठडा आहे, कठड्याच्या टोकाला एक खांब आहे, लांबवर झाडी आहे आणि पाण्यात एक हंस आहे. हंसाबद्दल पुढे सांगेन. विषय नाजूक आहे.

माझा जन्म जाड मांजरपाटाच्या तुकड्यातून झाला. आधी मला खळ लावून ताठ केलं, मग दुकानांच्या पाट्या रंगवणाऱ्या एका पेंटरने मला रंगवलं. त्याने रंग वापरले तीनच : काळा, पांढरा आणि त्या दोघांच्या भांडणातून निघणारा राखाडी. तुम्ही म्हणाल, गरीब असेल बिचारा. तसं नाही. त्या काळी फोटोच काळा-पांढरा यायचा. तळं निळं रंगवा नाहीतर जांभळं, फोटोत ते राखाडीच होणार. मग आधीच राखाडी रंगवलं तर कुठला राखाडी किती गडद हे आपल्या हातात राहतं. शिवाय त्याने झाडीच्या कडा मुद्दाम पुसट ठेवल्या. पुसट दिसतं ते लांबचं वाटतं आणि समोर बसलेलं माणूस उठून दिसतं. पेंटर हुशार होता. फक्त हंस त्याने कधी पाहिलेला नव्हता. त्यामुळे झालं ते बदक. तेही बदक जेवून उठल्यासारखं. स्टुडिओचे मालक, म्हणजे आमचे फोटोवाले, यांनी ते पाहिलं आणि दुसऱ्या दिवशी एक मोठी फुलदाणी घेऊन आले. ती पुढे कायम हंसासमोर असायची. गिऱ्हाईक अंगाने भरलेलं असेल तर फुलदाणीला सुटी मिळे.

माझ्या कामाचं दुःख एकच. लोक माझ्यासमोर बसत, पण तोंड कॅमेऱ्याकडे. मला दिसायच्या त्या पाठी. मी जितक्या पाठी पाहिल्या तितक्या शिंप्यानेही पाहिल्या नसतील. समोरून साहेब दिसणारा माणूस मागून कसा दिसतो, हे मला विचारा. स्टुडिओचा एकच कोट होता. तो पाठीत उभा फाडलेला होता. बारीक माणसाला तो मागे चिमट्यांनी आवळायचे, जाड्याला तसाच सोडून द्यायचे. समोरून दोघेही मापात. कपडे वाळत घालायच्या चिमट्यांवर कितीतरी रुबाब उभे राहिलेले मी पाहिले आहेत. मी कुणाला बोललो नाही. पडदा म्हटल्यावर झाकायचं असतं.

ते माझे सुखाचे दिवस होते. मग रंगीत फोटो आले आणि माझं तळं सगळ्यांना आजारी वाटू लागलं. फोटोवाले थकले. त्यांची मुलगी दुकान बघू लागली. तिच्याकडे पांढरी भिंत, ओळखपत्राचे फोटो आणि "हनुवटी खाली, कान दिसू द्या" एवढंच काम. मला गुंडाळून माळ्यावर टाकलं. माळ्यावरून फटीतून दिसेल तेवढंच दिसतं. ऐकू मात्र सगळं येतं. एके दिवशी ती म्हणाली, "बाबा, रंगारी यायचेत. माळ्यावरचा तो पडदा फाडून फरशीवर अंथरू या का? रंगाचे थेंब तरी पडणार नाहीत." फोटोवाल्यांनी खोकला काढला. तो होकार की नकार, कळलं नाही. जन्मभर माझ्या अंगावर रंग होता, आता माझ्या अंगावर रंग सांडणार होता. मी मनाची तयारी केली.

आणि रंगारी येण्याआधी एक आजी आणि तिची नात आली.

नात आत शिरली ती हातात फोन धरूनच. "ताई, याची मोठी प्रिंट हवी. फ्रेमसकट. आजीच्या वाढदिवसाला."

झालं होतं ते असं. आजीचा तरुणपणीचा एकुलता एक फोटो होता. कपाटात पाणी मुरलं आणि तो काचेला चिकटून गेला, चेहऱ्यासकट. सगळे म्हणत, नात अगदी आजीवर गेली आहे. तेव्हा नातीने फोनला आपला फोटो दाखवला आणि फर्मावलं, मला त्या काळात बसव : तसा केसांचा फुगा, तसा गोल कॉलरचा झगा, काळी-पांढरी फिल्म, तिच्यावर दिसणारे ते रांगोळीसारखे बारीक रवेसुद्धा. फोनने डोळ्याची पापणी लवेपर्यंत चित्र काढून दिलं.

"बघ आजी, ही तू!"

आजीने चष्मा पुसला. फोन लांब धरला, जवळ धरला. "छान आहे गं," ती म्हणाली. "पण ही कोण?"

फोटोवाल्यांच्या मुलीने डोकावून पाहिलं. "कातडी बघा ना, चिनी मातीच्या बशीसारखी. बटणं आहेत, पण काजं नाहीत. दोन कानांत दोन तऱ्हेची कानातली. आणि सावली कुठेच नाही. उजेड आला कुठून?"

"आणि तीळ कुठे गेला?" आजी म्हणाली. तिच्या हनुवटीवर तीळ होता, नातीच्याही होता. "अख्ख्या घराण्याची निशाणी याने धुऊन टाकली." मग ती जरा हळू बोलली. "खरं सांगू पोरी? मी कशी दिसायचे ते आता मला आठवतच नाही. आरशात बघते तर तिथे माझी आई असते. एकदा मला मी बघायची आहे."

"फोटो कुठे काढला होता, आजीबाई?" कोपऱ्यातून फोटोवाल्यांनी विचारलं.

"आजीबाई कुणाला म्हणता? तुमचे दात तरी मोजा आधी. इथेच काढला होता. मागे तळं होतं."

मित्रांनो, माझ्या अंगावर काटा आला. म्हणजे थोडी खळ उडाली.

ठरलं, नातीला तेव्हाच्या आजीसारखी नटवून माझ्यासमोर बसवायचं, आणि मला खाली उतरवलं. धूळ झटकली. एक पाल निघाली, ती नातीने किंचाळून साजरी केली. फोटोवाल्यांच्या मुलीने जुना कॅमेरा पुसला आणि फिल्म मागवली. ती अजून मिळते. फक्त मागवायला माणूस लागतो. ठरल्या दिवशी सगळे जमले. मला भिंतीवर टांगलं, हंसासमोर जुनी फुलदाणी आली. आजीने नातीचे ओले केस बोटाभोवती गुंडाळून डोक्याला चपटे टाचले, वाळल्यावर सोडले, तेव्हा त्यांच्या लाटा झाल्या. टाळूवरच्या केसांत कंगवा उलटा फिरवून आत गुंता केला आणि वरून गुळगुळीत बट ओढून घेतली. झाला फुगा.

"आजी, आत पक्ष्याचं घरटं झालंय!"

"झालंय तर होऊ दे. घर आतून कसं का असेना, पाहुण्यांना ओसरीच दिसते."

आजीच्या मैत्रिणीच्या पेटीतून मिळालेला झगा नातीला ढगळ झाला. मागे चिमटे लागले. चिमटे पाहून मला जुने मित्र भेटल्यासारखं झालं. नातीने ओठ लालभडक रंगवले होते. फोटोवाले म्हणाले, "पूस. या दिव्यांच्या पिवळ्या उजेडात फिल्मवर लाल रंग फिका येतो. ओठ पांढरे पडतील. गडद तपकिरी लाव." तिने लावला आणि आरशात बघून म्हणाली, "चॉकलेट खाल्ल्यासारखं दिसतंय." "फोटोत लाजल्यासारखं दिसेल," ते म्हणाले.

फिल्म वाया जाऊ नये म्हणून मुलीने आधी आपल्या रोजच्या कॅमेऱ्यावर एक फोटो काढून पाहिला. सगळे वाकून बघू लागले. केस बरोबर, झगा बरोबर, तीळ जागेवर. तरी आजीने मान हलवली. "नाही. ही पोरगी तळ्याकाठी नाहीच. तळ्याचा फोटो टांगलाय आणि त्याच्यापुढे बसलीय." नातीचे डोळे भरले. फुग्याखालचा चेहरा एवढासा झाला.

मी ओरडून सांगत होतो. पण पडद्याचं कोण ऐकतं?

आजी उठली आणि स्वतः स्टुलावर जाऊन बसली. डोळे मिटले. मग हात उजव्या गालावर ठेवला. "हा गाल तापला होता. भाजत होता अगदी. आणि दिवा दाराकडे नव्हता हो, खिडकीकडे होता."

फोटोवाल्यांनी कपाळावर हात मारला. "पडद्याला विचारायचं राहिलं!"

आमच्या स्टुडिओची ती रीतच होती. दिवा लावण्याआधी पडद्याला विचारायचं. पेंटरने माझ्या खांबाची सावली दाराच्या बाजूला रंगवली आहे, म्हणजे माझ्या तळ्यावरचं ऊन खिडकीकडून येतं. माणसावरचा उजेडही तिकडूनच यायला हवा. नाहीतर तळ्यावर सकाळ आणि माणसावर संध्याकाळ! मोठा दिवा खिडकीकडे गेला, जरा उंच, नाकाची सावली गालावर तिरकी पडेल असा. दाराकडे पांढरा पुठ्ठा उभा केला, सावलीत थोडं दूध मिसळावं तसा. एक छोटा दिवा मागून केसांवर. भिंगावर ताणून बसवला मोज्याचा पातळ तुकडा, म्हणजे उजेड किंचित पसरतो.

"आता हसू का?" नातीने विचारलं.

"फोनसाठी हसतेस तशी नको," आजी म्हणाली. "दात झाक. मनात काहीतरी ठेव आणि सांगू नकोस."

"हलू नका," फोटोवाले म्हणाले. "श्वास धरा." खट्. झडप उघडली आणि मिटली. त्या अवधीत माझं तळंसुद्धा स्तब्ध होतं.

पुढचं अंधाऱ्या खोलीत झालं. मी फक्त ऐकलं. फिल्म धुतली, वाळवली. फोटोवाल्यांनी जुन्या सवयीने टोकदार पेन्सिल घेतली. निगेटिव्हवर सगळं उलटं असतं : काळा तीळ तिथे पारदर्शक ठिपका असतो. त्यावर पेन्सिल फिरवली की फोटोत तीळ नाहीसा. "खबरदार!" आजीचा आवाज आला. "तिळाला हात लावाल तर." पेन्सिल खाली ठेवल्याचा आवाज आला. मग लाल दिव्याखाली कागद पाण्यासारख्या औषधात हलत राहिला.

"काहीच नाहीये," नात म्हणाली.

"थांब की," फोटोवाले म्हणाले.

"अगं बाई, आधी खांब आला... केस... डोळे..."

आणि आजी म्हणाली, "ही मी."

नंतर अंधाऱ्या खोलीत दोघींनी एवढा गोंधळ घातला की फोटोवाल्यांना दटावून सांगावं लागलं, "कागद अजून औषधातून काढायचाय, नाचा नंतर."

ओला फोटो दोरीला लागला. आजी त्याच्याकडे बघून बघून थकली, मग अचानक म्हणाली, "तेव्हा हे फोटोवाले मला ओरडले होते. मागे वळून बघत होते मी. म्हणाले, हलू नका. तेव्हापासून राहिलंय बघायचं."

"आता बघा," फोटोवाले म्हणाले. "आता कोण ओरडतंय."

आजी माझ्यासमोर आली. पाठ नव्हे, चेहरा. इतक्या वर्षांत पहिल्यांदा कुणी माझ्याकडे तोंड करून उभं राहिलं. तिने कठडा पाहिला, खांबाची सावली पाहिली, मग फुलदाणी दोन्ही हातांनी बाजूला सरकवली. आणि खदखदून हसली.

"अगं, बदक आहे हे! एवढं झाकून ठेवलं होतं, मला वाटलं काय असेल!"

मला फरशीवर अंथरण्याची गोष्ट पुन्हा निघाली नाही. आता पोरं येतात, केसांचे फुगे करतात, चिमटे लावून घेतात. मी पुन्हा पाठी बघतो, पण आता फोटो झाला की आजीसारखी सगळी वळून माझ्याकडे पाहतात.

मित्रांनो, माझं मागणं थोडं आहे. जुना पडदा मिळाला तर त्याची घडी घालू नका. घडीवर रंग तडकतो. गुंडाळून ठेवा. जुने फोटो ओलीपासून जपा. घरातल्या म्हाताऱ्या माणसांना त्यांचा कुठला गाल तापला होता ते वेळेत विचारून घ्या. आणि तो हंस आहे. कृपा करून त्याच्यासमोर तरी हंसच म्हणा.