सुदामसाठी आलेली माणसं

झरीच्या दगडखाणीविरुद्ध लढणारा सुदाम खाणीच्याच डंपरखाली गेला, तेव्हा तलासरीच्या मैदानावर त्याच्यासाठी सभा भरली. बातमी द्यायला हर्षदा होती. डहाणूच्या एका दैनिकाची ती वार्ताहर आणि सुदामची चुलतबहीण. रडू गिळून ती शेजारच्या इमारतीच्या गच्चीवर चढली.

मंचासमोर बायका बसल्या होत्या. चाळीस मीटर रुंद आणि वीस मीटर लांब जागा, म्हणजे आठशे चौरस मीटर. चार-पाच ठिकाणी तिनं डोकी मोजून पाहिली. चौरस मीटरला दोन बायका पडत होत्या. मागे हजार चौरस मीटरांत पुरुष उभे होते, ते तीन-तीन. सोळाशे आणि तीन हजार. तिनं लिहिलं, 'अंदाजे साडेचार हजार'.

खाली सुदामचा लढ्यातला जोडीदार नितीन माईकवर सांगत होता, "पंचवीस हजार लोक आलेत!"

हर्षदानं त्याला गाठलं. "नितीनदादा, एवढ्या जागेत पंचवीस हजार बसवायचे तर एका चौरस मीटरात चौदा माणसं कोंबावी लागतील. तहसीलदारसाहेबांना द्यायच्या निवेदनात तरी खरा आकडा टाक."

"तुझा भाऊ गेलाय आणि तू मापं काढतेस?"

पण बातमीत आकडा तिचाच छापून आला.

नितीनच्या निवेदनात पंचवीस हजारच राहिले. तो ते घेऊन गेला, तेव्हा तहसीलदारसाहेबांनी हर्षदाची बातमी असलेलं वर्तमानपत्र पुढं सरकवलं. "आकडाच फुगवलाय, बाकीचं काय खरं धरायचं?" त्या बाकीच्यात भरधाव डंपरच्या तक्रारी होत्या, सुदामला आलेल्या धमक्या होत्या. कुणी वाचलंच नाही. चौकशी लागली नाही आणि सुदाम गेल्यापासून बंद असलेली खाण पुन्हा सुरू झाली.

पाड्यावर हर्षदाशी बोलणं बंद झालं. नितीन तिला पाहून वाट बदलायचा. एके दुपारी ती सुदामच्या आईकडे, हिरीकाकीकडे गेली. काकी नाचणी पाखडत होती. तिनं सूप खाली ठेवलं.

"हर्षू, तू कमी लिवलं म्हणतात. खरं किती आली होती गं?"

"साडेचार हजार, काकी."

"म्हंजे किती? आपल्या पाड्यात किती माणूस?"

"पोरंसोरं धरून तीनशे. असे पंधरा पाडे."

काकीनं बोटांवर मोजलं. "पंधरा पाडे," ती म्हणाली. "माझ्या पोरासाठी कामधंदा टाकून आले. आन् तरी कुणी इचारलं नाय, त्याला मारलं कुणी?"

हर्षदाला आता रडू आवरेना. काकीनं तिला जवळ ओढलं. त्या दोघी तशाच बसून राहिल्या. समोरच्या रस्त्यानं दगडांनी भरलेला एक डंपर गेला, आणि धूळ अंगणात येऊन नाचणीवर बसली.