काट्याची झोप

भीमसिंगच्या जीपमधला तापमानाचा काटा महिनाभर खालच्या रेघेपाशी पडून होता. गोधडीतून पाय बाहेर काढायचं नावच नाही. भीमसिंगला मात्र त्याचं कौतुक. मे महिन्यात देवगोईच्या घाटात ह्याच गाडीचं पाणी उकळलं होतं, तेव्हापासून काटा खाली दिसला की तो गाडीला हात जोडायचा. "थंड डोक्याची आहे," म्हणायचा. तीन दिवसांपूर्वी इंजिनाचा पिवळा दिवा लागला, तर त्याने यामिनीच्या टिकल्यांच्या पाकिटातली एक टिकली काढून त्यावर चिकटवली.

यामिनी दहावीत. बाबांच्या शेजारची जागा तिची, आणि काट्याची राखण पण तिचीच.

आज सकाळी दोघं मोलगीहून अक्कलकुव्याला उतरले, तेव्हा धुकं इतकं दाट होतं की डोंगर कुणीतरी पुसून टाकल्यासारखे. हीटर चालू केला, तर फुंकर आली. नुसती कोमट, चहा संपलेल्या कपातून येते तशी. यामिनीची बोटं गारठली. परत जाताना ह्याच गाडीत मयूरीवहिनी बसणार होती, दवाखान्यातून सुटून, नऊ दिवसांची पोर घेऊन. पोर जेमतेम पावणेदोन किलोची. दवाखान्यातल्या सिस्टरने बजावलं होतं, "बाकी सगळं ठीक. पण हिला गारठू देऊ नका."

"बाबा, आधी उखाकाकांकडे," यामिनी म्हणाली.

"काटा तर खाली आहे की."

"म्हणूनच."

उखा मिस्तरीने टिकली बघितली आणि हसला. "भीमसिंगदादा, गाडीनं लगीन लायं का?" मग स्कॅनर जोडला. इतकी चालून आलेली गाडी, इंजिनातलं पाणी नव्वदीच्या आसपास हवं, आणि होतं जेमतेम साठ अंशांवर. त्याने इंजिन बंद केलं, चहा मागवला, गाडी पार थंड होऊ दिली. मग पुन्हा चालू करून रेडिएटरला जाणाऱ्या वरच्या नळीवर यामिनीचा हात ठेवला.

"काय वाटतं पोरी?"

"हळूहळू कोमट होतेय."

"हाऊच रोग. पाणी तापेपर्यंत ही नळी गारच ऱ्हायला पाहिजे. आत थर्मोस्टॅट शे, दरवाजाच समज. इंजिन तापलं की मग उघडतो. तुमचा उघडाच अडकेल शे. पाणी पहिल्यापासून रेडिएटरमधी जाऊन निवतं, आणि तेच निवलेलं पाणी हीटरमधी. गाडीतला कॉम्प्युटर पाणी तापायची वाट बघून थकला, दिवा लावला."

"मग काटा खाली म्हणजे चांगलं नाही?" भीमसिंगने विचारलं. आवाज एकदम लहान झाला होता.

"आपल्याकडे उन्हाळ्यानं सगळ्यांना येडं करेल शे, दादा. आजारी माणूस गार पडला तर तू पेढे वाटशील का?"

नवा थर्मोस्टॅट उद्या नंदुरबारहून येणार होता. वहिनी तर पिशवी भरून दवाखान्यात निघायच्या तयारीत बसली होती.

उखाने पुठ्ठ्याचे दोन तुकडे कापले आणि रेडिएटरच्या पुढे, पंख्यापासून लांब, सुतळीने बांधले. मध्ये फट ठेवली. "वारा कमी, पाणी गरम. पण घाटात इंजिन जोर करी, तवा एक पुठ्ठा काढायचा. वर गेल्यावर परत लावायचा. नजर काट्यावर."

"नजर माझी," यामिनी म्हणाली.

वहिनी मधल्या सीटवर बसली. पोर तिच्या छातीशी, उघड्या अंगाला अंग लावून, वरून शाल. गावाबाहेर पडेपर्यंत काटा हलला नाही. मग हलला. यामिनीला वाटलं, धुक्यात कुठेतरी कोंबडं आरवलं असणार. काटा उठला, आळस दिला, मधल्या रेघेकडे चालू लागला, आणि हीटरमधून चुलीशेजारी बसल्यासारखी ऊब आली. काचेवरचं धुकं मागे सरकलं, डोंगर एकेक करून परत आले.

घाटाच्या तिसऱ्या वळणावर काटा मधली रेघ ओलांडून गेला. भीमसिंगच्या कपाळावर घाम. मे महिना त्याच्या डोळ्यांत उभा राहिला. "दोन्ही काढतो."

"एकच, बाबा. दोन्ही काढले तर वर पठारावर पोरीला गारवा लागेल."

त्याने मागे बघितलं. मग खाली उतरून एकच पुठ्ठा काढला. काटा थोडा घुटमळला, मधल्या रेघेवर येऊन बसला आणि तिथेच राहिला. माथ्यावर पुठ्ठा परत लागला.

मोलगीच्या अलीकडे वहिनी म्हणाली, "यामिनी, बघ." शालीतून एक मूठ बाहेर आली होती, बोराएवढी. यामिनीने बोट लावलं. मूठ गरम होती.

भीमसिंगने गाडी हळू केली. दिव्यावरची टिकली नखाने सोडवली आणि यामिनीला दाखवायला म्हणून पुढे धरली. पिवळा दिवा तसाच जळत होता.

"असू दे," तो म्हणाला. "उद्या उखाकडे जाईपर्यंत दिसू दे."