बोगद्यात अडकलेला डाव

रेम्बोल्ड आजोबांना पैशाची फारशी फिकीर नव्हती. बायको खोटारडा म्हणते, हे त्यांना झोंबलं होतं. फोनवर त्यांनी हे इतक्यांदा सांगितलं, की मीनलला ते जर्मनमध्ये तोंडपाठ झालं.

मीनल मूळची चिंचवडची. स्टुटगार्टमधल्या एका ऑनलाइन स्लॉट, म्हणजे पैसे लावून चाकं फिरवायचा जुगार, चालवणाऱ्या कंपनीत तक्रारी बघायची. लोकांना वाटतं, तक्रारी बघणारा माणूस म्हणजे गोड बोलून फोन ठेवणारा. मीनल त्यातली नव्हती. एखादी गोष्ट पटली नाही, की तिचं डोकं भणभणायचं आणि ते शांत होईपर्यंत घरी वेदांगची, म्हणजे तिच्या नवऱ्याची, धडगत नसायची.

तर झालं होतं असं. आजोबा संध्याकाळी एस-बानने, म्हणजे तिथल्या लोकलने, घरी चालले होते. श्वाबश्ट्रासे स्टेशन सोडता सोडता त्यांनी एक युरो लावून बटण दाबलं, चाकं फिरायला लागली आणि गाडी लांब बोगद्यात शिरली. नेट गेलं. चाकं अर्धवट फिरून थिजली. दुसऱ्या कोणी दहा वेळा टकटक केलं असतं, फोन बंद-चालू केला असता. आजोबा निवृत्त सर्व्हेअर, आधी नोंद आणि मग हात लावणार असला माणूस! थिजलेल्या स्क्रीनचा फोटो घेतला. त्यात गेमचं नाव, लावलेली रक्कम, शिल्लक, वेळ आणि कोपऱ्यातला डावाचा क्रमांक, सगळं होतं. मग हात आवरून गप्प बसले. बोगदा संपला, नेट आलं, गेम उघडला तर डाव आपोआप पुरा झालेला: सातशे वीस युरो! त्याचाही फोटो घेतला आणि स्टेशनावरूनच बायकोला फोन केला, लग्नाच्या वाढदिवसाला बोडेनसीच्या तळ्याकाठी जाऊ म्हणाले.

दुसऱ्या दिवशी रक्कम गायब. एक युरो परत आलेला आणि खाली एक ओळ: बिघाड असल्यास डाव आणि बक्षीस दोन्ही रद्द. फ्राऊ रेम्बोल्डनी, म्हणजे त्यांच्या बायकोने, शिल्लक पाहिली आणि निकाल देऊन टाकला, की नवरा हरला आणि वर थापा मारतोय. आजोबांनी त्याच दिवशी दोन्ही फोटो लावून लेखी तक्रार केली.

मीनलच्या वरच्या बाई फ्राऊ केस्टलर. त्यांना या प्रकरणात काही दम दिसत नव्हता. त्या दिवशी गेमची नवी आवृत्ती चढवली होती, तिच्यात एक चिन्ह दहापट पैसे देत होतं, म्हणून तासाभरात जुनी परत आणली. बिघाडाची वेळ रद्द करायच्या डावांच्या यादीत लिहिली होती: साडेसहा ते साडेसात. आजोबांचा डाव सातला दहा कमी असताना. मग आणखी काय बघायचं? आज संध्याकाळी नकाराचं पत्र पाठव आणि केस बंद कर, एवढं सांगून बाई मीटिंगला गेल्या.

मीनलला पत्र लिहवेना. नेट जाणं हा काही गेमचा बिघाड नव्हे, हे तिला पक्कं ठाऊक होतं. बटण दाबलं आणि सर्व्हरने पैज घेतली, की निकाल तिथेच ठरतो. फोनवर फिरणारी चाकं ही नुसती शोभा. माणूस बोगद्यात असो की बाथरूममध्ये, सर्व्हर डाव पुरा करतो आणि परत आल्यावर दाखवतो. रद्द करायचं, तर गेम खरोखर चुकल्याचा पुरावा आपल्याकडे हवा. नुसतं कलम दाखवून भागत नाही.

तिने फोटोतल्या क्रमांकावरून सर्व्हरवर त्या डावाची नोंद उघडली. पैज केव्हा स्वीकारली, संपर्क केव्हा तुटला, निकाल काय लागला, सगळं ओळीने होतं. डाव पूर्ण. आकडा बक्षिसांच्या तक्त्याशी ताडून पाहिला, बरोबर. आणि त्याच ओळीत गेमची आवृत्ती: जुनी. बिघडलेली नव्हे, जुनी!

मीनल खुर्चीत सरळ बसली. बिघाडाच्या ऐन मध्यात जुनी आवृत्ती चालू कशी? तिने पुन्हा यादी पाहिली. साडेसहा. यांच्याकडे नवी आवृत्ती नेहमी तासाच्या ठोक्याला चढवतात, केस्टलर बाईंचा दंडकच तो. हे 'साडे' आलं कुठून?

आणि एकदम तिला घरचं गणित आठवलं. सासूबाईंना फोन लावताना ती रोज तेच करायची. उन्हाळ्यात साडेतीन तास मिळवा, हिवाळ्यात साडेचार. साडेसहातून साडेतीन गेले तर तीन! दुपारचे तीन!

यादी बनवली होती देवदत्तने. हा पुण्याचा पोरगा दोन टेबलं पलीकडे बसायचा. मीनल त्याच्याजवळ गेली आणि त्याच्या लॅपटॉपचा कोपरा बघून तिला हसावं की रडावं कळेना. बाहेर दुपार आणि याच्या घड्याळात संध्याकाळ! आई फोनची वाट बघते, हिशेब चुकतो, म्हणून साहेबांनी घड्याळ पुण्याच्या वेळेवर लावून ठेवलं होतं. नोंदींचं पान ज्याच्या त्याच्या लॅपटॉपच्या वेळेप्रमाणे तास दाखवतं. त्याने स्क्रीनवरचं जसंच्या तसं उतरवलं आणि साऱ्या ऑफिसने ते जर्मन वेळ समजून चांगले डाव रद्द केले. सुक्याबरोबर ओलं जळतं म्हणतात, इथे सुकं राहिलं बाजूला आणि नुसतं ओलंच जळलं होतं.

देवदत्तचा चेहरा पडला. मीनलला राग आला होता, पण त्याचा तो चेहरा बघून तो टिकेना.

"देवा, आईसाठी भिंतीवर वेगळं घड्याळ लाव रे बाबा," ती म्हणाली. "आणि चल, केस्टलर बाईंना तूच सांग. मी बाजूला उभी राहते."

त्याने सांगितलं. बाईंनी यादी आणि डावाची नोंद शेजारी शेजारी लावून पाहिली, आवृत्ती तपासली, "गेनाऊ", म्हणजे अगदी बरोबर, असं एकदाच म्हणाल्या आणि नकाराचं पत्र स्वतः रद्द केलं. चुकीने रद्द झालेले सगळे डाव परत द्यायचे, यादी दुरुस्त करायची, पण जुनी खोडायची नाही, तिच्याखाली कारण लिहायचं. दुपारच्या खऱ्या बिघाडाचं प्रकरण नव्याने वकिलांकडे आणि नियामकाकडे. देवदत्तला चार खडे बोल मिळाले, नोकरी मात्र शाबूत राहिली.

फोन करायचं काम मीनलने हट्टाने स्वतःकडे घेतलं. आजोबांनी सगळं ऐकून घेतलं. पैसे कधी येणार, हे विचारलंच नाही. म्हणाले, बायको स्वयंपाकघरात आहे, हे सगळं पुन्हा एकदा तिला सांगाल का.

फ्राऊ रेम्बोल्ड फोनवर आल्या त्या तलवार उपसूनच. कंपनीवाल्यांनी नवऱ्याला सामील होऊन आपल्याला उल्लू बनवायचं ठरवलंय का, असंच त्यांनी विचारलं.

"नाही, फ्राऊ रेम्बोल्ड," मीनल म्हणाली. "चूक आमच्या घड्याळाची होती. तुमच्या मिस्टरांनी पहिल्या दिवसापासून अक्षर न् अक्षर खरं सांगितलं. त्यांनी फोटो काढून ठेवला नसता, तर आम्हाला हे कळलंही नसतं."

 

"आल्झो... असं आहे तर," म्हातारी हळू आवाजात म्हणाली, "मी आठवडाभर याला थंड ब्रेड वाढतेय."

मग फोन तसाच टेबलावर ठेवल्याचा आवाज झाला. पाठोपाठ पातेलं गॅसवर चढल्याचा आला आणि म्हातारीने नवऱ्याला हाक मारली. मीनलने त्यांचं काही न ऐकता फोन ठेवला. डोळे पुसले आणि वेदांगला मेसेज केला, की आज घरी येऊन तुझ्यावर ओरडणार नाहीये.