दार बंद

सर्व्हिस सेंटरमध्ये तिला सगळे ‘तारीखवाली’ म्हणायचे. फ्रिज बिघडो नाहीतर वॉशिंग मशीन, माणूस कधी येणार हे तिच्या हातात. अकरा वर्षं ती त्या खुर्चीवर बसली होती. कानाला हेडफोन, समोर दिवसाची यादी, बाजूला गार झालेला चहा. लोक तिच्यावर खेकसायचे, विनवायचे, कधी रडायचेही. ती सगळ्यांना एकाच सुरात म्हणायची, “समजलं, मी नोंद करते.” आणि करायचीही. कामाला चोख बाई. तिच्या नोंदीत चूक सापडली असं कुणी छातीवर हात ठेवून सांगू शकलं नसतं.

म्हणजे त्या सोमवारपर्यंत.

सोमवारी सकाळी एका बाईचा फोन आला. फ्रिज थंड करत नाही, आजची वेळ दिली आहे, ती उद्यावर न्या. “आज शिंप्याचं दुकान बंद असतं,” बाई म्हणाली. “किल्ली त्याच्याकडे ठेवते मी. तळमजल्यावरच आहे. मी दिवसभर दुकानात गल्ल्यावर असते, मोबाइल लॉकरमध्ये ठेवावा लागतो, फोन उचलता येत नाही. घरात सासरे आहेत, पण ते अंथरुणाला खिळलेले. त्यांना दार उघडता येत नाही. तुमच्या माणसाने शिंप्याकडून किल्ली घ्यायची, सरळ वर जायचं.”

तारीखवालीची बोटं सवयीने चालत होती. मंगळवार, दहा ते एक. मग ‘दाराची माहिती’ या रकान्यात: बेल वाजवू नये, किल्ली तळमजल्यावर शिंप्याकडे, ग्राहक फोन उचलणार नाहीत. “आणि जरा लवकर बघा हो,” बाई म्हणाली. “सासऱ्यांची इन्सुलिनची इंजेक्शनं आहेत आत, महिनाभराची. थर्मासमध्ये शेजारच्यांचा बर्फ घालून ठेवते मी. बर्फाला टेकूही द्यायची नाहीत, गोठली की वाया जातात. सकाळ-संध्याकाळ फडक्यात गुंडाळत बसते.” तेही तिने टिपलं. ‘निकड’च्या चौकटीत बरोबरची खूण केली. औषध असलं की ती खूण करायची आणि ते घर यादीत पहिलं घ्यायचं, असा नियम होता. नोंद जतन झाली.

मग तिची नजर पत्त्यावर गेली.

तो पत्ता ती झोपेतही विसरली नसती. त्या घराला ती सून म्हणून आली होती, धाकटी. फोनवरची बाई म्हणजे तिची थोरली जाऊ. आठ वर्षांत आवाज जाड झाला होता, पण वाक्याच्या शेवटी ओढलेला तो ‘हो’ तसाच होता.

आठ वर्षांपूर्वी तारीखवालीचा नवरा गेला. वीस दिवस झाले आणि ती सहा वर्षांच्या लेकीला घेऊन दोन दिवस आईकडे गेली. परत आली तर किल्ली कुलपात फिरेना. दारात बसवलेलं कुलूपच बदललं होतं. तिने बेल वाजवली, दार ठोठावलं, हाका मारल्या. दुपारी बारापासून दिवे लागेपर्यंत मायलेकी जिन्यात दोन पिशव्यांवर बसून राहिल्या. आतून सासऱ्यांचा खोकला ऐकू येत होता. लेक विचारत होती, “आजोबा आत आहेत ना गं? मग उघडत का नाहीत?” पुढे जावेने साऱ्या नातेवाइकांत सांगितलं की आम्ही त्या दिवशी घरीच नव्हतो, तीच परत आली नाही. साळसूद कुठली. आणि लोकांनी ते ऐकलं, माना डोलावल्या, विषय संपला.

तारीखवालीचा संपला नव्हता.

“उद्या येईल ना हो माणूस?” जाऊ विचारत होती.

“येईल,” तारीखवाली म्हणाली. मधाचं बोट लावावं तशी गोड म्हणाली. फोन ठेवला, नोंद पुन्हा उघडली, दाराचा रकाना पुसला आणि निकडीची खूण काढली. तारीख, वेळ, पत्ता यांना मात्र हात लावला नाही. खोटं असं तिने काहीच लिहिलं नाही, फक्त किल्ली काढून घेतली.

काम दिलं ते ‘पळपुट्या’ला. हा गडी म्हणजे एक बेल, एक फोन, दाराचा एक फोटो, की निघाला पुढच्या घरी. ग्राहक सापडला नाही तर दाराचा फोटो पाठवायचाच, असा साहेबांचा हुकूम होता, नाहीतर मुलं चहाच्या टपरीवर बसून ‘दार बंद’ लिहायची. मंगळवारी साडेअकराला फोटो आला. तारीखवालीने तो मोठा करून पाहिला. रंग नवा होता, पण खालचा कोपरा तसाच झिजलेला, आणि उंबऱ्याशी दोन बोटांची फट तशीच. कुलूपही तेच, आठ वर्षांपूर्वी बदललेलं. डबा खाता खाता तिने तो फोटो तीनदा पाहिला. भाजी अळणी होती, तरी गोड लागली.

संध्याकाळी जाऊ फोनवर. “शिंपी दिवसभर दुकानातच होता. कुणी आलंच नाही म्हणतो.”

“आमच्याकडे फोटो आहे, बाई. दार बंद होतं.”

“अहो, पण किल्ली…”

“गुरुवारची वेळ देऊ?”

गुरुवारीही तेच. पळपुट्या, बेल, फोटो. त्या संध्याकाळी जावेचा आवाज फाटला होता. वरच्या घरातल्यांचा फ्रिज भरलाय, बर्फ द्यायलाही ते आता कुरकुरतात. एक इंजेक्शन बर्फाला टेकून गोठलं, फेकावं लागलं. काल सासऱ्यांची साखर तीनशेवर गेली. “रजा मागितली तर म्हणाले, दोघीजणी आधीच नाहीत, गेलात तर परत येऊ नका. आत माणूस आहे हो, जिवंत माणूस. तुम्ही घरात कुणी नाही असं कसं लिहिता?”

याच वाक्याची तारीखवाली आठ वर्षं वाट पाहत होती. तिने ते सावकाश चाखलं.

“दार उघडलं नाही तर बाहेरच्याने काय समजायचं?” ती म्हणाली. “शनिवारची वेळ देते. ही तिसरी. तिसऱ्यांदाही दार बंद असलं तर तक्रार आपोआप मिटते. मग नवी नोंदवायची, रांगेत शेवटी. सध्या बारा दिवस चालू आहेत.”

पलीकडे जाऊ रडत होती. रड, तारीखवालीने मनात म्हटलं. मी रडले तेव्हा तू आत भाकऱ्या थापत होतीस, पिठाचे हात झटकल्याचा आवाज आला होता मला. जशास तसं. त्या रात्री तिला गाढ झोप लागली. मनाला टोचलंबिचलं काही नाही. उगाच खोटं कशाला सांगा.

शनिवारी पळपुट्याच्या मेहुणीचं काहीतरी निघालं, तो आला नाही. कॉम्प्युटरने त्याची कामं आपोआप ‘सावकाश’कडे टाकली. सावकाश हा सगळ्यात जुना कारागीर. दिवसाला चार घरं करायचा, जिथे बाकीचे नऊ करत. साहेब त्याला रोज बोलत आणि तो रोज मान हलवी. तारीखवालीच्या हे लक्षात आलं तोवर बारा वाजले होते आणि पडद्यावर फोटो आला होता.

तेच दार. तिने मोठं केलं. उंबऱ्याच्या फटीतून काहीतरी बाहेर आलं होतं. काठीचं टोक, रबरी बूच लावलेलं.

फोन वाजला. “तारीखवाली, मी बोलतोय,” सावकाश म्हणाला. “इथं दाराला कुलूप आहे, पण आत म्हातारा आहे. बेल ऐकून पलंगावरून उतरलाय, सरपटत दाराशी आलाय बहुतेक. काठी बाहेर काढून आपटतोय. ऐक.”

तिला ऐकू आली काठी. टक्, टक्. आणि त्यामागून खोकला. तोच खोकला.

“काय म्हणतात ते?” तिने विचारलं.

“म्हणतात, जाऊ नको. म्हणतात, दोनदा बेल वाजली, मला उठता आलं नाही. आणि काहीतरी सुनेचं बरळतायत. ‘मागं एकदा मी उठू शकत होतो, तरी उठलो नाही. थोरली म्हणाली बसा, तर बसलो. तेव्हा धाकटी गेली, पोर गेली. आता उठलोय, तर उघडता येत नाही.’ मला काही कळेना. काय लिहू मी? ‘दार बंद’ लिहू?”

तारीखवालीने पेला उचलला, परत ठेवला. म्हातारा काही देव नव्हे. बसा म्हटलं तर बसला. आठ वर्षं तिला हेच ऐकायचं होतं, आणि कानात पडलं ते कुठे, तर दुसऱ्याच्या फोनवरून, बंद दाराआडून. तिला त्याचा राग आला, भयंकर राग आला. आणि त्या रागातच तिला दिसलं की या खेपेस कुलूप कोणी घातलंय.

“लिहू नको,” ती म्हणाली. “खाली शिंपी आहे. किल्ली त्याच्याकडे. घे आणि वर जा. आधी म्हाताऱ्याला उचल, पलंगावर ठेव, मग फ्रिज.”

“हे नोंदीत नव्हतं.”

“आता आहे.”

तिने दाराचा रकाना पुन्हा भरला. शब्दन् शब्द तिला पाठ होता. निकडीची खूण केली. ती जाणून होती की प्रत्येक बदलाखाली नाव आणि वेळ पडते: सोमवारी कोणी लिहिलं, कोणी पुसलं, शनिवारी कोणी परत लिहिलं. तिन्हीकडे एकच नाव. सोमवारी साहेबांनी मिटलेल्या तक्रारी तपासल्या की अकरा वर्षं गेली खड्ड्यात.

पाऊण तासाने सावकाशने कळवलं. कंप्रेसर चालू करणारा रिले जळला होता, बदलला. वीस मिनिटांचं काम. म्हाताऱ्याला पाणी पाजलं, गुडघा खरचटलाय, बाकी ठीक. फक्त तक्रार मिटवायचा कोड ग्राहकाच्या मोबाइलवर गेलाय आणि बाई फोन उचलत नाहीत.

“मी घेते,” तारीखवाली म्हणाली.

दोन वाजता, जेवणाच्या सुटीत, जावेने स्वतःच फोन केला. शिंप्याने तिच्या दुकानात निरोप पोचवला होता. ती हसत होती, रडत होती, उपकार मानत होती. “तुमचं नाव काय हो, ताई? पत्र लिहून कळवते तुमच्या साहेबांना. तुमच्यामुळे दार उघडलं.”

हे संभाषण नोंदवलं जात होतं. जातंच.

“मी धाकटी,” तारीखवाली म्हणाली. “दोनदा बंद ठेवलं तेही मीच. आज उघडलं तेही मीच. साहेबांना दोन्ही लिहा.”

पलीकडे गल्ल्यावरची घंटी एकदा वाजली. तारीखवालीने घाई केली नाही. जिन्यात ती सात तास बसली होती, मग हे काय.

“तेव्हा मी घरीच होते,” अखेर जाऊ म्हणाली. तिचा तो ओढलेला ‘हो’ कुठल्या कुठे गेला होता. “दाराच्या आत उभी होते.”

“ठाऊक आहे. कोड सांगा.”

जावेने चार आकडे सांगितले. मग हळूच विचारलं, “घेतलास लिहून?”

“घेतला,” तारीखवाली म्हणाली, आणि तक्रार मिटवली.