जिवंत दिराचं सुतक

साल्टिएल विणकर प्लेगात गेला तेव्हा त्याची बायको ओरो सव्वीस वर्षांची होती आणि मूलबाळ नव्हतं. सालोनिकाच्या ज्यूंच्या धर्मशास्त्राप्रमाणे अशी विधवा दिराच्या हातात अडकते. दिरानं तिच्याशी लग्न करायचं, नाहीतर पंचांसमोर आपल्या पायातला जोडा तिच्या हातून काढवून घेऊन तिला मोकळं करायचं. तोवर तिला दुसरं लग्न नाही.

दीर निसिम. मारहाणीला कंटाळून त्याची पहिली बायको रब्बींच्या, म्हणजे धर्मगुरूंच्या न्यायालयातून काडीमोड घेऊन गेली होती. तो मात्र ओरोसमोर ठासून बसला.

"जोडा काढू देणार नाही. माझ्या भावाची बायको आणि त्याचा माग, दोन्ही माझेच," तो म्हणाला.

ओरो रब्बी आर्दित्तींकडे गेली. लग्न, वारसा, काडीमोड यांतलं आपलं आपण बघायचं, तुर्की सुलतानाचा कर आणि जानिसारी सैन्याचं कापड एकत्र भरायचं, अशी जमातीची रीत. तीन रब्बी बसले, पहिल्या बायकोची साक्ष निघाली आणि निकाल ओरोच्या बाजूनं लागला. निसिमनं ऐकलं नाही. मग सिनेगॉगमध्ये काळ्या मेणबत्त्या लावून, शिंग फुंकून त्याला वाळीत टाकलं. त्याच्याशी कोणी बोलायचं नाही, त्याला सूत विकायचं नाही, प्रार्थनेला लागणाऱ्या दहा पुरुषांत त्याला मोजायचं नाही.

ओरोला वाटलं, आठवडाभरात नमेल. शुक्रवारी दुपारी ती चुलीवर वांग्याचं कालवण ढवळत असताना शेजारीण धापा टाकत आली.

"ओरो, अगं, निसिम काझीकडे गेला! कलमा पढला! डोक्यावर पांढरा फेटा, नाव मेहमेद. दोन साक्षीदारांसमोर!"

ओरोच्या हातातला चमचा कालवणात बुडाला. सासूबाई जोया बाहेरच्या खोलीतून आल्या, सगळं ऐकलं आणि गळ्यापासून झगा फाडून जमिनीवर बसल्या. जिवंत लेकाचं सुतक.

ओरो धावत आर्दित्तींकडे गेली. म्हातारा भिंतीला टेकून उभा होता, तोंडावर रंग नाही.

"आता तो तुमच्या वाळीत टाकण्याला भिईल का?" तिनं विचारलं.

"नाही. आता तो आमचा राहिला नाही."

"मग मी सुटले?"

"नाही पोरी. शास्त्राच्या दृष्टीनं तो तुझा दीरच आहे. जोडा त्याच्याच पायातून निघायला हवा, आणि त्याला बोलवायचा अधिकार आता आमच्या हाती नाही."

 ओरोनंच न्यायालयाचं दार ठोठावलं होतं, तिच्याच विजयानं ती जन्मभराची अडकली.

ती काझीकडे गेली. तिकडे जायचं नाही असा जमातीचा दंडक होता, तरी गेली. काझीनं शांतपणे ऐकलं. "आमच्या कायद्यानं तू कधीच मोकळी झालीस. सक्ती मी कुणावर करू? जोड्याचा प्रश्न तुमच्या रब्बींचा."

मोकळी, पण जमातीतला कोणी तिच्याशी लग्न करणार नव्हता. तेव्हा ती निसिमच्या नव्या घरी गेली. तो चटईवर बसला होता.

"वहिनी, उगीच आलीस. तुमचे विधी केले तर लोक म्हणतील परत फिरला. इस्लाम सोडणाऱ्याची मान जाते, ठाऊक आहे ना?"

त्याच्या डोळ्यांत खरी भीती होती. ओरोला राग यायचा राहिलाच.

"मी मुफ्तींकडून फतवा आणते. ते हो म्हणाले तर?"

 तो म्हणाला, "तर आईला एकदा बघू दे."

मुफ्तींच्या लेखनिकानं नेहमीच्या रीतीनं प्रश्नात खरी नावं न घालता झैद आणि हिंद लिहिलं: 'नवमुस्लिम झैदनं मृत भावाची बायको हिंद हिला जोडा काढू दिला, आणि तोंडून धर्माविरुद्ध काही काढलं नाही, तर त्याचं इमान तुटतं का?' खाली मुफ्तींचं उत्तर एका शब्दाचं. नाही.

भर दिवसा, आर्दित्तींच्या अंगणात, पंच बसले. पांढऱ्या फेट्यातला निसिम आत आला तेव्हा सगळे वळून बघू लागले. विधीचा चामडी जोडा त्याच्या उजव्या पायात चढवला. हिब्रू शब्द त्यानं अडखळत म्हटले, "मला तिला वरायची इच्छा नाही." ओरो वाकली, बंद सोडले, जोडा काढून फेकला, रीतीप्रमाणे त्याच्यासमोर जमिनीवर थुंकली आणि म्हणाली, "जो भावाचं घर उभारत नाही त्याचं असंच होतं." पंच एका सुरात ओरडले, "जोडा निघाला!"

ती मोकळी झाली. निसिमचा एक पाय उघडा, थंड फरशीवर. तो दाराकडे बघत होता.

दारात सासूबाई उभ्या होत्या, सुतकाच्या फाटक्या झग्यातच.  चालत आल्या, कोपऱ्यातली त्याची सपात उचलली, गुडघ्यावर बसल्या आणि त्याच्या उघड्या पायात घातली. मग मागे न बघता निघून गेल्या.

"आई," निसिम म्हणाला.